वीज कंपनी म्हणते सप्लाय चालू, पाणीवाले म्हणतात पाणी सोडलंय, मग नळ कोरडा का?

प्रश्न : "तीन दिवस झाले, बिल्डिंगला पाणी नाही. काही फ्लॅटना लाईट आहे, काहींना नाही. वीज कंपनीला फोन केला की सांगतात तुमच्या भागात सप्लाय चालू आहे. पाणीवाले म्हणतात आम्ही रोज सोडतोय. सेक्रेटरी म्हणतात दोन्हीकडे कळवलंय. इतके फोन करून तक्रार पुढे सरकतच नाहीये. नेमकं जबाबदार कोण, आणि किती वेळात दुरुस्त करून देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे?"

उत्तर :

तुम्हाला तिघांनी जे सांगितलं ते तिन्ही खरं असू शकतं, आणि तक्रार अडकलीय ती तिथेच. वीज कंपनीच्या कंट्रोल रूमला फीडर दिसतो, म्हणजे सबस्टेशनमधून निघालेली ती मोठी लाईन, ती चालू असेल तर ते म्हणणारच की सप्लाय चालू आहे. पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला त्याचा रस्त्यावरचा व्हॉल्व्ह दिसतो, तो त्याने फिरवला की त्याच्या दृष्टीने पाणी सोडलं. सेक्रेटरींना त्यांनी केलेला फोन दिसतो. पण फीडरपासून तुमच्या मीटरपर्यंत आणि व्हॉल्व्हपासून तुमच्या गच्चीवरच्या टाकीपर्यंत जो मधला पट्टा आहे तिकडे कोणी बघितलेलंच नाही, आणि बिघाड बहुतेक वेळा त्या मधल्या पट्ट्यातच असतो.

मी वीज वितरणात बरीच वर्षं तक्रारी आणि दुरुस्तीचं काम केलं, आता सोसायट्यांना तक्रारी लिहून देतो. तुमचं वर्णन वाचून माझा पहिला संशय असा की हे दोन वेगळे बिघाड नाहीत, एकच आहे. काही फ्लॅटना लाईट आणि काहींना नाही म्हणजे तीनपैकी एक फेज गेलेला असणार, आणि पाण्याचा पंप थ्री फेज असेल तर तो दोन फेजवर चालणारच नाही. मोटर नुसती गुणगुणते आणि तापते, सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसवलेला असेल तर तो पंप चालूच होऊ देत नाही. मग खाली पाणी असूनही वर चढत नाही. पण हा झाला संशय, लांबून मी खात्री देऊ शकत नाही, म्हणून आधी दोन गोष्टी बघून घ्या, दोन्ही मिळून पंधरा मिनिटांचं काम आहे.

पहिली गोष्ट, खालच्या टाकीचं झाकण उघडून बघा. ती भरलेली असेल, बॉल कॉक वर येऊन बंद झालेला असेल, तर पाणीवाल्यांकडे तक्रार करून काहीही होणार नाही, त्यांनी त्यांचं काम केलंय आणि पाणी तुमच्या आवारात येऊन थांबलंय. टाकी रिकामी असेल तर पाणी यायच्या वेळेच्या आधी आणि नंतर पाण्याच्या मीटरचं रीडिंग लिहून घ्या, फोटो काढा. मीटरवर एक घनमीटर म्हणजे हजार लिटर. एरवी दिवसाला सतरा-अठरा घनमीटर येत असतील आणि आता चारच आले, तर तुमची तक्रार 'पाणी नाही' अशी नाही, 'पाणी सुटतंय पण रोजच्या चौथा हिस्सासुद्धा पोचत नाही' अशी आहे, आणि ह्या दोन तक्रारींवर वेगवेगळी माणसं काम करतात. आकडा दिला की ते गळती, अडकलेलं फेरूल म्हणजे मुख्य लाईनला तुमचा पाईप जोडणारा तुकडा, अर्धवट उघडलेला व्हॉल्व्ह असं शोधायला लागतात. नुसतं 'पाणी नाही' म्हटलं की चावीवाल्याला विचारतात, तो म्हणतो सोडलं, आणि तक्रार बंद.

दुसरी गोष्ट, पंपाचं वीज मीटर बघा. थ्री फेज इलेक्ट्रॉनिक मीटरवर आकडे आपोआप बदलत राहतात, त्यात तिन्ही फेजचे व्होल्टेज येतात, काही मीटरवर V1, V2, V3 असं दिसतं, काहींवर R, Y, B अशा तीन खुणा किंवा छोटे दिवे असतात. दोन फेजला २३० च्या आसपास आणि तिसऱ्याला शून्य किंवा दहा-वीस असं दिसलं तर एक फेज गेलाय. तो व्हिडिओ काढून ठेवा, मीटरचा नंबर आणि मीटरवरची तारीख-वेळ त्यात यायला हवी. मीटरची पेटी उघडायची नाही, टेस्टर खुपसायचा नाही, काचेतून दिसतं तेवढं पुरेसं आहे.

इथे एक गोष्ट थांबून सांगतो कारण ती जिवाची आहे. ज्या फ्लॅटना लाईट आहे तिथे ती नेहमीसारखी आहे का ते विचारा. काहींकडे दिवे डोळे दिपवणारे प्रखर आणि काहींकडे मंद, पंखे एकीकडे जोरात एकीकडे रेंगाळत, असं असेल तर फेज गेला नसून न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची परतीची सामाईक तार, तुटलाय, आणि तेव्हा काही फ्लॅटमध्ये तीनशेच्या वर व्होल्टेज जाऊ शकतं. अशा वेळी तक्रारीची भाषा, मुदत वगैरे सगळं नंतर, आधी सगळ्यांना मेन स्विच बंद करायला सांगा आणि फोनवर 'न्यूट्रल गेलाय, धोका आहे' हेच शब्द वापरा.

आता जबाबदार कोण. ह्याचं उत्तर मी नेहमी दोन प्रश्नांनी शोधतो, सप्लाय नेमका कुठपर्यंत येतोय, आणि तिथून पुढचा तुकडा कोणाच्या मालकीचा आहे. विजेत 'पुरवठा बिंदू' अशी एक जागा असते, साधारणपणे कंपनीच्या कटआऊटचं, म्हणजे केबल बिल्डिंगमध्ये येते तिथल्या फ्यूजच्या पेटीचं, किंवा मीटरचं बाहेर जाणारं टोक, तिथपर्यंतची केबल कंपनीची आणि तिथून पुढची वायरिंग तुमची. पाण्यात रस्त्यावरची मुख्य लाईन पाणीपुरवठा करणाऱ्याची असते, पण तिच्यावरच्या फेरूलपासून तुमच्या मीटरपर्यंतचा छोटा पाईप काही ठिकाणी त्यांचा असतो आणि काही ठिकाणी ग्राहकाने सांभाळायचा असतो, हे स्थानिक नियमांवर आहे, तेव्हा तुमच्या कनेक्शनच्या अटी काढून बघा. आणि टाकीच्या आत पाणी पडलं की पुढचा पंप, पाईप, गच्चीवरची टाकी हे सगळं सोसायटीचं.

एक सबब हमखास ऐकायला मिळते, पाणीवाले म्हणतात पंपिंग स्टेशनला लाईट नव्हती म्हणून पाणी सुटलं नाही, तुम्ही वीज कंपनीला विचारा. विचारायला जाऊ नका. पंपिंग स्टेशनचा वीज ग्राहक पाणीपुरवठा विभाग आहे, तुम्ही नाही. ज्याचं बिल तुम्हाला येतं तोच तुम्हाला उत्तर द्यायला बांधील आहे, त्याच्या मागच्या साखळीत काय झालं ते त्याने निस्तरायचं. त्यांचं म्हणणं लेखी मात्र मागून घ्या, कारण किती वाजता लाईट गेली आणि किती वाजता आली हे लिहून द्यायची वेळ आली की खरी अडचण काय होती ते बाहेर येतं.

आता एक प्रकरण सविस्तर सांगतो, तुमच्यासारखंच होतं, त्यावरून तक्रार कशी हातातून निसटते आणि कशी पकडायची ते कळेल. त्या बिल्डिंगमधले ११ फ्लॅट एका फेजवर होते. मंगळवारी रात्री त्या ११ फ्लॅटची लाईट गेली, पंपही बंद. ८ वाजून ५५ मिनिटांनी एकाने फोन करून तक्रार नोंदवली, लाईनमन आला, बिल्डिंगच्या कटआऊटपाशी केबलचं टोक काढून साफ करून परत आवळलं, लाईट आली, १० वाजून ४५ मिनिटांनी तक्रार बंद झाली. साडेअकराच्या सुमारास लाईट परत गेली. लोक झोपले होते, कोणी फोन केला नाही. बुधवारी सकाळी ७ वाजून १० मिनिटांनी दुसरी तक्रार, नवा नंबर. ह्या वेळी दुसरा लाईनमन आला, त्याने रस्त्यावरच्या पिलरवर, म्हणजे जिथून बिल्डिंगची केबल निघते त्या कंपनीच्या पेटीवर, तपासलं, तिन्ही फेज व्यवस्थित, आणि ११ वाजून २० मिनिटांनी शेरा मारून तक्रार बंद केली, 'पिलरवर सप्लाय ओके, बिल्डिंगचा अंतर्गत फॉल्ट'.

सोसायटीने हे खरं मानलं. खाजगी इलेक्ट्रिशियन बोलावला, त्याने अख्खा दिवस बिल्डिंगची वायरिंग तपासली, काही सापडलं नाही. पाण्याचं काय म्हणून लोक पाणीवाल्यांकडे गेले, तिथे अर्ज दिला, खालची टाकी मात्र काठोकाठ भरलेली होती, झाकण कोणी उघडलंच नव्हतं. गुरुवारी संध्याकाळी ६ वाजून ५ मिनिटांनी तिसरी तक्रार, तीही नव्या नंबराने.

मला त्या सोसायटीतून गुरुवारी रात्री फोन आला. मी एकच विचारलं, पिलरपासून बिल्डिंगच्या कटआऊटपर्यंत जी केबल आहे ती कोणी तपासली? कोणीच नाही. ती साधारण चाळीस मीटरची जमिनीखालची केबल होती आणि ती कंपनीची होती. म्हणजे लाईनमनने स्वतःच्या कंपनीच्या मालकीच्या तुकड्याच्या सुरुवातीला तपासलं आणि त्याच्या शेवटाला न तपासताच फॉल्ट ग्राहकाच्या गळ्यात घातला. शुक्रवारी सकाळी सेक्शन ऑफिसला लेखी दिलं, त्यातलं महत्त्वाचं वाक्य एवढंच होतं, "पिलरवर तिन्ही फेज आहेत व आमच्या पंपाच्या मीटरवर बी फेजला १२ व्होल्ट दिसत आहेत, म्हणजे बिघाड पिलर ते कटआऊट ह्या आपल्या केबलमध्ये किंवा कटआऊटमध्ये आहे, दोन्ही टोकांना एकाच वेळी व्होल्टेज मोजून तपासावे." ह्यावर अंतर्गत फॉल्ट असा शेरा मारता येत नाही. दुपारी माणसं आली, केबलचा एक जॉइंट उघडला, बी फेजची जोडणी जळून मोकळी झालेली होती. नवीन जॉइंट केला, शुक्रवारी ४ वाजून ५ मिनिटांनी सप्लाय पूर्ववत. मंगळवारी कटआऊटपाशी केबल हलली तेव्हा त्या जॉइंटमध्ये तात्पुरता संपर्क झाला असणार, म्हणून लाईट थोडा वेळ आली आणि लोड वाढल्यावर परत गेली.

आता हिशोब बघा. कंपनीच्या रेकॉर्डप्रमाणे तीन स्वतंत्र तक्रारी, पहिली १ तास ५० मिनिटं, दुसरी ४ तास १० मिनिटं, तिसरी २२ तास, सगळं मिळून २८ तास, आणि त्यातली दुसरी तर ग्राहकाचा फॉल्ट म्हणून मोजायचीच नाही. प्रत्यक्षात पहिल्या तक्रारीपासून शेवटच्या दुरुस्तीपर्यंत ६७ तास १० मिनिटं झाली होती आणि मधली तासाभराची तात्पुरती लाईट सोडली तर लोक अंधारातच होते. तक्रार बंद झाली आणि नवी उघडली की घड्याळ परत शून्यापासून सुरू होतं, हे तुम्ही नीट लक्षात ठेवा. त्यामुळे दुसरा फोन करताना नुसतं 'लाईट नाही' म्हणायचं नाही, 'अमुक नंबरची तक्रार दुरुस्ती न होता बंद केली आहे, तोच बिघाड चालू आहे, ती परत उघडा' असं म्हणायचं, आणि ते नवाच नंबर देत असतील तर त्याच्या वर्णनात जुना नंबर लिहून घ्यायला सांगायचं. आणि रात्री परत लाईट गेली तर रात्रीच फोन करायचा. कंटाळा येतो, कळतं मला, पण बहुतेक नियमांत मुदत मोजली जाते ती तक्रार नोंदवल्यापासून, लाईट गेल्यापासून नाही.

असं का, तर जिथे मीटर स्वतःहून कंपनीला कळवत नाहीत तिथे ट्रान्सफॉर्मरच्या पुढचं काही कंपनीला दिसतच नाही. फीडर ट्रिप झाला तर सबस्टेशनमध्ये नोंद होते, पण एका बिल्डिंगचा एक फेज गेला तर फीडरला त्याची काही खबर नसते. तुमचा फोन हीच त्या बिघाडाची पहिली नोंद असते. म्हणून पन्नास जणांनी एकमेकांना मेसेज केले आणि एकानेही तक्रार नोंदवून नंबर घेतला नाही, तर कागदावर काही घडलेलंच नसतं.

ह्याला एक भरभक्कम पुरावा मात्र असतो, आणि तो बहुतेकांना माहीत नसतो. थ्री फेज इलेक्ट्रॉनिक मीटर आतमध्ये घटनांची नोंद ठेवतं, कुठला फेज किती वाजता गेला आणि किती वाजता परत आला हे तारखेसकट. ही सोय मूळची वीजचोरी पकडण्यासाठी, पण ती तुमच्याही कामाची आहे. कंपनीचा माणूस मीटरला यंत्र लावून ती नोंद उतरवून घेतो, त्याला एमआरआय करणं म्हणतात. त्या सोसायटीने अर्ज करून पंपाच्या मीटरची एमआरआय मागितली, त्यात बी फेज मंगळवारी ८:३८ ला गेला, १०:४१ ला आला, ११:२७ ला परत गेला तो थेट शुक्रवारी ४:०५ ला आला असं निघालं, म्हणजे दुसऱ्यांदा गेल्यावर सलग ६४ तास ३८ मिनिटं. बुधवारी बंद केलेली तक्रार दुरुस्ती न करता बंद केली होती हे त्या एका कागदाने सिद्ध झालं. दोन काळज्या घ्या. एक, मीटरचं घड्याळ पुढेमागे असू शकतं, त्या मीटरचं सहा मिनिटं पुढे होतं आणि वर दिलेल्या वेळा मी तेवढ्या मागे घेऊन लिहिल्यात, म्हणून मीटरची वेळ आणि फोनची वेळ एकाच फोटोत येईल असा फोटो काढून ठेवा. दोन, मीटरमध्ये ठरावीक संख्येच्याच घटना राहतात, नव्या आल्या की जुन्या पुसल्या जातात, म्हणून महिन्याभराने मागून उपयोग नाही, लाईट आल्याच्या आठवड्यातच अर्ज द्या.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, किती वेळात करून देणं बंधनकारक आहे. विजेच्या बाबतीत भारतात ह्याचं उत्तर कागदावर आहे. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम ५७ खाली राज्याचा वीज नियामक आयोग 'कृतीची मानके' ठरवतो, म्हणजे कुठला बिघाड किती तासांत दुरुस्त व्हायला हवा, आणि ते पाळलं नाही तर बाधित ग्राहकाला भरपाई द्यावी लागते. तुमच्या राज्याच्या आयोगाच्या साईटवर ही विनियमावली असते, तिच्या शेवटी तक्ता असतो, तो उघडून बघा. तिथे तासांचा एकच आकडा नसतो. फ्यूज जाणं, वरची लाईन तुटणं, जमिनीखालच्या केबलचा फॉल्ट, ट्रान्सफॉर्मर जळणं ह्यांना वेगवेगळी मुदत असते आणि शहरी-ग्रामीण असा फरकही असतो. फ्यूजला सगळ्यात कमी वेळ, केबल आणि ट्रान्सफॉर्मरला बराच जास्त. म्हणून बिघाड कुठला होता हे तुमच्या तक्रारीत आणि त्यांच्या शेऱ्यात काय लिहिलं जातं ह्याला एवढं महत्त्व आहे. फ्यूजच होता आणि शेरा केबल फॉल्टचा पडला तर मुदत आपोआप वाढते. लाईनमन काम करत असताना विचारा काय झालं होतं, जळलेल्या भागाचा लांबून फोटो घ्या, तो माणूस बहुधा खरं सांगतो, त्याला लपवायचं काही कारण नसतं.

सूटही असते, ती आधीच तपासा म्हणजे नंतर मनस्ताप होत नाही. वादळ, पूर अशी आपत्ती असेल, किंवा बिघाड ग्राहकाच्या स्वतःच्या वायरिंगमध्ये असेल तर ही मुदत लागू होत नाही. पूर्वसूचना देऊन घेतलेला शटडाऊन वेगळा मोजतात, पण सूचनेत चार तास सांगून अकरा तास बंद ठेवलं असेल तर वरच्या सात तासांबद्दल जरूर विचारा, सूचनेचा मेसेज पुसू नका. आणखी एक, तुमचं बिल थकलंय म्हणून लाईट तोडली असेल तर तो बिघाडच नाही, त्याचे नियम निराळे, त्यात कलम ५६ प्रमाणे किमान १५ दिवसांची लेखी नोटीस लागते.

भरपाईबद्दल एक चूक सगळीकडे दिसते. सोसायटी पंपाच्या मीटरवरून अर्ज करते आणि लोकांना वाटतं सगळ्यांचं झालं. भरपाई ग्राहक क्रमांकागणिक असते. त्या प्रकरणात अंधारात असलेले ११ फ्लॅट आणि पंपाचं एक कनेक्शन असे १२ ग्राहक होते, प्रत्येकाने आपापल्या ग्राहक क्रमांकाने अर्ज दिला, सोबत त्याच तक्रार नंबरांची आणि एमआरआयची प्रत जोडली. ज्यांची लाईट चालू होती पण नळाला पाणी नव्हतं त्यांना वेगळी भरपाई नाही, कारण त्यांचा स्वतःचा वीजपुरवठा खंडित झालाच नव्हता, त्यांच्यासाठी बाधित ग्राहक म्हणजे पंपाचं कनेक्शन. अर्जाची मुदत विनियमात दिलेली असते, ती टळू देऊ नका. कंपनीच्या पातळीवर उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि तिथेही समाधान झालं नाही तर विद्युत लोकपाल, ह्या दोन्हींची सोय कलम ४२ मध्येच आहे. वकील लागतोच असं नाही, कागद नीट लावलेले असतील तर स्वतः बोलता येतं.

पाण्याचं तसं नाही आणि हे मी सरळ सांगतो. विजेसारखा तासांचा आणि भरपाईचा तक्ता पाण्याला बहुतेक ठिकाणी नाही. माणशी रोज १३५ लिटर हा आकडा तुम्ही ऐकला असेल, तो पाणीयोजना आखण्याचा निकष आहे, त्यावर बोट ठेवून आजच्या आज भरपाई मागता येत नाही. पाण्यात वचन शोधायचं ते नागरिकांच्या सनदेत, कनेक्शनच्या अटींमध्ये आणि जाहीर केलेल्या वेळापत्रकात. तुमची खालची टाकी रिकामी निघाली तर लेखी तक्रारीत वेळापत्रकातली वेळ लिहा, तुमच्या मीटरची आधीची आणि नंतरची रीडिंग लिहा आणि टँकर कधी मिळेल ते विचारा, कारण दुरुस्तीला वेळ लागणार असेल तरी टँकरचा निर्णय त्याच दिवशी घेता येतो. पुढे खरंच वाद झाला तर माहिती अधिकाराखाली त्या तारखांचं व्हॉल्व्ह उघडल्याचं रजिस्टर आणि पंपिंगची लॉगशीट मागा, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दुरुस्तीसाठी ह्याचा उपयोग नाही, पण तुमच्या मीटरची रीडिंग आणि त्यांचं रजिस्टर शेजारी ठेवलं की पाणी सोडलं होतं की नाही हा वाद तिथेच संपतो.

तुम्ही आज काय लिहायचं त्याचा नमुना देतो, तुमचे आकडे घाला आणि जे स्वतः पाहिलं नाही ते लिहू नका :

"ग्राहक क्रमांक अमुक. अमुक तारखेला इतके वाजता आमच्या इमारतीतील इतक्या सदनिकांचा व पाणी पंपाचा वीजपुरवठा एका फेजवर बंद झाला. तक्रार क्रमांक अमुक, वेळ अमुक, दुरुस्ती न होता अमुक वेळी बंद केली. आज इतके वाजता पंपाच्या मीटरवर व्होल्टेज असे : आर इतके, वाय इतके, बी इतके, व्हिडिओ सोबत आहे. खालची पाण्याची टाकी भरलेली आहे, पंप फेज नसल्याने बंद आहे. पिलर व कटआऊट अशा दोन्ही ठिकाणी मोजमाप करून बिघाडाचे ठिकाण, कारण आणि दुरुस्तीची अपेक्षित वेळ लेखी कळवावी. आधीची तक्रार व ही तक्रार एकच धरावी."

हे ईमेलने पाठवा आणि सेक्शन ऑफिसमध्ये छापील प्रत देऊन पोच घ्या, पोचेवर तारखेसोबत वेळही टाकायला सांगा, इथे सगळा खेळ तासांचा आहे. फोनवर कोणी 'संध्याकाळपर्यंत होईल' म्हणालं तर त्यांचं पद विचारा आणि लगेच त्याच ईमेलवर लिहा, 'आपल्या कार्यालयातून इतके वाजता असे सांगण्यात आले आहे'. त्यावर त्यांनी उत्तर दिलं नाही तरी ती वेळ नोंदलेली राहते.

मीटरवर तिन्ही फेज नीट दिसले, पंप तरीही चालत नसेल, तर मात्र कंपनीला त्रास देऊ नका, बिघाड तुमच्या पंपात किंवा त्याच्या पॅनेल-वायरिंगमध्ये आहे, सोसायटीने इलेक्ट्रिशियन बोलवायचा. मीटरवर काय दिसतंय आणि खालची टाकी भरलीय की रिकामी, एवढं इथे लिहा, पुढचं त्यावरून सांगतो.